पॉलिसी चालू होती की बंद पडली होती?

लखनौ शहरातून कानपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर अमौसी लागते. बाहेरच्या लोकांना ते नाव विमानतळामुळे परिचित असते. परंतु तेथे कारखान्यांची एक मोठी वसाहतही आहे आणि तिच्या आसपासच्या वस्त्यांमधून कामगारांची बिऱ्हाडे आहेत. अशा एखाद्या बिऱ्हाडातील पत्र्याच्या पेटीत रेशनकार्ड, मुलांचे दाखले आणि घराची भाडेपावती यांच्याबरोबर सहसा आणखी एक जाड कागद जपून ठेवलेला असतो. तो असतो आयुर्विम्याच्या पॉलिसीचा. कर्ता पुरुष दगावला की ती पेटी उघडली जाते आणि पहिला प्रश्न उभा राहतो: पॉलिसी चालू होती की बंद पडली होती?

या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा अंदाजाने दिले जाते. “आताच तर हप्ता भरला होता,” असे घरातले म्हणतात. “चार दिवस उशीर झाला, आता काही मिळायचे नाही,” असे शेजारचा कोणी जाणता सांगतो. ही दोन्ही उत्तरे चुकीची असू शकतात. वस्तुतः हा प्रश्न मताचा नसून हिशेबाचा आहे, आणि ज्याला तारखा मोजता येतात अशा कोणालाही तो सोडवता येतो. त्यासाठी तीन गोष्टी हाताशी लागतात: पॉलिसीवर छापलेल्या अटी, भरलेल्या हप्त्यांचा इतिहास, आणि ज्या दिवसाविषयी विचारणा आहे तो नेमका दिवस. या प्रकरणात एक उदाहरण घेऊन हा हिशेब शेवटपर्यंत करून पाहावयाचा आहे.

अमौसीच्या एका कारखान्यात काम करणारा एक फिटर आहे, असे कल्पू या. त्याने १० फेब्रुवारी २००९ रोजी भारतीय आयुर्विमा महामंडळाची वीस वर्षांची एक बंदोबस्ती पॉलिसी घेतली. विम्याची रक्कम दोन लाख रुपये आणि हप्ता तिमाही. पुढे १४ जून २०१३ रोजी तो हृदयविकाराने अचानक मरण पावला. त्याच्या पत्नीला पेटीत पॉलिसी आणि काही पावत्या सापडल्या. शेवटची पावती ११ मार्च २०१३ या तारखेची होती. दिराने बोटांवर मोजून सांगितले की, मार्चमध्ये तीन महिन्यांचे पैसे भरले म्हणजे ११ जूनपर्यंत सोय झाली; त्यावर महिनाभराची सवलत असते, म्हणजे ११ जुलैपर्यंत पॉलिसीला धक्का नाही. हिशेब वरवर बिनचूक वाटतो. त्यात चूक कोठे आहे हे समजले की या विषयाचा निम्मा भाग समजला.

हप्ता कोणत्या दिवसापासून मोजावयाचा?

पॉलिसीच्या पहिल्या पानावर एक तपशीलाचा तक्ता असतो. त्यात पॉलिसी सुरू झाल्याची तारीख, हप्ता भरण्याची पद्धत (म्हणजे वार्षिक, सहामाही, तिमाही की मासिक), हप्त्याची रक्कम आणि हप्ता देय होण्याच्या तारखा दिलेल्या असतात. आपल्या फिटरच्या तक्त्यात दरवर्षी १० फेब्रुवारी, १० मे, १० ऑगस्ट आणि १० नोव्हेंबर अशा चार तारखा आहेत. या तारखा पॉलिसी घेतली त्या दिवशी ठरल्या आणि त्या कधीही हलत नाहीत. विमेदाराने एखादा हप्ता पंचवीस दिवस उशिरा भरला म्हणून पुढचा हप्ता पंचवीस दिवसांनी पुढे सरकत नाही.

दिराची चूक नेमकी येथेच झाली. त्याने पैसे भरल्याच्या तारखेपासून तीन महिने मोजले. मोजावयाचे असतात ते हप्ता देय झाल्याच्या तारखेपासून. पावती नीट वाचली असती तर हे ध्यानात आले असते, कारण पावतीवर दोन वेगळ्या तारखा असतात. एक तारीख पैसे घेतल्याची आणि दुसरी त्या पैशांनी कोणत्या देय तारखेचा हप्ता फिटला याची. बहुतेक पावत्यांवर पुढचा हप्ता केव्हा देय आहे हेही छापलेले असते. ११ मार्च २०१३ च्या पावतीने १० फेब्रुवारी २०१३ चा हप्ता फिटला होता. म्हणून पुढचा हप्ता १० मे २०१३ लाच देय झाला, ११ जूनला नव्हे.

विम्याच्या कचेरीत या पुढच्या तारखेला ‘पहिला न भरलेला हप्ता’ असे म्हणतात. सगळा हिशेब या एका तारखेभोवती फिरतो. विमेदाराने आजवर किती रुपये भरले, किती वर्षे नियमितपणा दाखवला, याचा विचार नंतर येतो. आधी प्रश्न असतो तो हा की, न फिटलेल्या हप्त्यांपैकी सर्वांत जुना हप्ता कोणत्या तारखेचा? फिटरच्या बाबतीत ती तारीख १० मे २०१३ ही होय.

सवलतीचे दिवस

हप्ता देय तारखेला भरला नाही तर पॉलिसी त्याच दिवशी बंद पडत नाही. तिला काही दिवसांची सवलत असते. फिटरच्या पॉलिसीसारख्या महामंडळाच्या पॉलिसींच्या अटींनुसार वार्षिक, सहामाही आणि तिमाही हप्त्यांसाठी ही सवलत एक महिन्याची, परंतु कोणत्याही परिस्थितीत तीस दिवसांपेक्षा कमी नाही, अशी असते. मासिक हप्त्यांसाठी ती पंधरा दिवसांची असते.

‘एक महिना, परंतु तीस दिवसांपेक्षा कमी नाही’ हे शब्द उगाच घातलेले नाहीत. फिटरचा १० फेब्रुवारी २०१३ चा हप्ताच पाहावा. एक महिना मोजला तर १० मार्च ही तारीख येते. परंतु त्या वर्षी फेब्रुवारीचे दिवस अठ्ठावीस असल्यामुळे १० फेब्रुवारी ते १० मार्च या काळात अठ्ठावीसच दिवस भरतात. म्हणून तीस दिवस पुरे करावे लागतात आणि सवलत १२ मार्चला संपते. फिटरने पैसे भरले ते ११ मार्चला. महिन्याच्या हिशेबाने तो एक दिवस चुकला असता. तीस दिवसांच्या नियमाने तो वेळेत होता. इतर महिन्यांत उलट प्रकार घडतो. १० मेपासून तीस दिवस ९ जूनला संपतात, परंतु मे महिन्याचे दिवस एकतीस असल्यामुळे पूर्ण महिना १० जूनला संपतो. तेथे महिन्याचा नियम विमेदाराच्या फायद्याचा ठरतो. दोन्ही रीतींनी मोजावे आणि जी तारीख नंतरची असेल ती धरावी, असा हा साधा नियम आहे. सवलतीचा शेवटचा दिवस सुटीचा असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी हप्ता स्वीकारला जातो. १० जून २०१३ ला सोमवार होता. तेव्हा फिटरच्या बाबतीत तो प्रश्न उद्भवत नाही.

या सवलतीच्या दिवसांविषयी आणखी एक गोष्ट घरोघरी माहीत असावयास हवी. त्या दिवसांत हप्ता भरला नसला तरी पॉलिसी पूर्णपणे चालू असते. फिटर ८ जूनला मरण पावला असता तर मे महिन्याचा हप्ता थकलेला असूनही पॉलिसीची पूर्ण रक्कम देय झाली असती; फक्त थकलेला हप्ता आणि त्या पॉलिसी-वर्षाचे उरलेले हप्ते त्यातून कापून घेतले गेले असते. तथापि तो १४ जूनला मरण पावला. सवलत संपून चार दिवस झाले होते. म्हणजे दिराच्या मते ज्या दिवशी पॉलिसीला अजून सत्तावीस दिवसांचे आयुष्य होते, त्या दिवशी ती प्रत्यक्षात बंद पडलेली होती. कायद्याच्या भाषेत अशा पॉलिसीला ‘व्यपगत’ म्हणतात.

हप्त्यांचा इतिहास कसा वाचावा?

पेटीतील पावत्यांवर विसंबून राहणे धोक्याचे असते, कारण काही पावत्या हरवतात आणि काही पैसे बँकेतून परस्पर जातात. म्हणून ज्या शाखेत पॉलिसीची नोंद आहे त्या शाखेकडून भरलेल्या हप्त्यांचे विवरण मागून घ्यावे. हल्ली विमेदाराला हयातीत महामंडळाच्या संकेतस्थळावर नाव नोंदवून ते स्वतःही पाहता येते. विमेदाराच्या पश्चात नामनिर्देशित व्यक्तीने पॉलिसीचा क्रमांक आणि मृत्यूचा दाखला घेऊन शाखेत जावे.

फिटरच्या विवरणाच्या शेवटच्या पाच ओळी अशा होत्या:

१० फेब्रुवारी २०१२ चा हप्ता, भरला ७ मार्च २०१२
१० मे २०१२ चा हप्ता, भरला ४ जून २०१२
१० ऑगस्ट २०१२ चा हप्ता, भरला ५ सप्टेंबर २०१२
१० नोव्हेंबर २०१२ चा हप्ता, भरला ७ डिसेंबर २०१२
१० फेब्रुवारी २०१३ चा हप्ता, भरला ११ मार्च २०१३

हे विवरण दोनदा वाचावे. पहिल्या वाचनात फक्त देय तारखांचा रकाना पाहावा आणि पॉलिसीच्या तक्त्याशी तो ताडून पाहावा. फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर ही साखळी पॉलिसी सुरू झाल्यापासून कोठेही तुटली नाही ना, याची खात्री करावी. मधली एखादी ओळ गळाली असेल तर पहिला न भरलेला हप्ता तो, मग त्यानंतर कितीही हप्ते भरलेले दिसोत. दुसऱ्या वाचनात प्रत्येक ओळीतील दोन तारखांमधले अंतर पाहावे. फिटर प्रत्येक वेळी पंचवीस ते एकोणतीस दिवस उशिरा, परंतु दर वेळी सवलतीच्या आत पैसे भरीत होता. सवलतीचे दिवस हीच त्याची देय तारीख होऊन बसली होती. अशा विमेदाराचा एकही हप्ता बुडालेला नसतो, परंतु त्याच्या हाताशी राखीव असा एकही दिवस उरत नाही.

विवरणात विलंबशुल्काची किंवा पुनरुज्जीवनाची नोंद दिसली तर तिच्याजवळ थांबावे. बंद पडलेली पॉलिसी थकबाकी व्याजासह भरून, आणि आवश्यक तेथे प्रकृतीविषयी निवेदन देऊन पुन्हा सुरू करता येते. यासच पुनरुज्जीवन म्हणतात. अशी नोंद असेल तर त्या दिवसाच्या आधी पॉलिसी काही काळ बंद होती हे सिद्ध होते. शिवाय विमा कायद्याच्या ४५ व्या कलमानुसार विमा कंपनीला पॉलिसीविषयी शंका उपस्थित करण्यासाठी जी तीन वर्षांची मुदत असते, ती पुनरुज्जीवनाच्या तारखेपासून नव्याने मोजली जाते. फिटरच्या विवरणात अशी नोंद नव्हती. तेथे सतरा ओळी होत्या आणि साखळी अखंड होती. या सतरा आकड्याला पुढे मोठे महत्त्व येणार आहे.

पैसे कोणाच्या हाती पडले?

विवरणात ओळ नाही, परंतु घरातले शपथेवर सांगतात की पैसे दिले होते, असेही घडते. अशा वेळी ते पैसे कोणाच्या हाती दिले हे पाहावे लागते. या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाचे दोन निर्णय शेजारी ठेवून वाचण्याजोगे आहेत.

पहिला १९९७ सालचा आहे. एका विमेदाराने मार्च १९८६ मध्ये सहामाही हप्त्याच्या चार पॉलिसी घेतल्या होत्या. ६ मार्च १९८७ चा हप्ता त्याने वेळेत भरला नाही. जून महिन्यात त्याने त्या रकमेचा धनादेश विमा प्रतिनिधीच्या हवाली केला आणि प्रतिनिधीने तो वटवून घेतला. ९ ऑगस्टला विमेदार अपघातात मरण पावला. प्रतिनिधीने पैसे महामंडळाकडे भरले ते दुसऱ्या दिवशी, १० ऑगस्टला. महामंडळाच्या नियमांनी प्रतिनिधीला हप्ते वसूल करण्यास मनाई केलेली होती. म्हणून प्रतिनिधीला दिलेले पैसे म्हणजे महामंडळाला दिलेले पैसे नव्हेत आणि मृत्यूच्या दिवशी त्या पॉलिसी बंद पडलेल्या होत्या, असा निर्णय झाला.

दुसरा निर्णय १९९९ सालचा आहे. दिल्लीच्या वीजपुरवठा उपक्रमातील एका कर्मचाऱ्याने वेतन बचत योजनेखाली पॉलिसी घेतली होती. या योजनेत मालक दरमहा पगारातून हप्ता कापून महामंडळाकडे पाठवतो. महामंडळ कामगाराला स्वतंत्रपणे हप्त्याची सूचना पाठवीत नाही. सगळा व्यवहार मालकाशी चालतो. या प्रकरणी हप्ते महामंडळाकडे वेळेवर पोहोचले नाहीत आणि कर्मचारी मरण पावला. न्यायालयाने म्हटले की, हप्ता वसूल करण्याचे काम महामंडळाने मालकावर सोपवले असल्यामुळे कामगाराच्या दृष्टीने मालक हा महामंडळाचाच प्रतिनिधी ठरतो. मालकाच्या चुकीची शिक्षा कामगाराच्या वारसाला भोगावी लागू नये.

दोन्ही ठिकाणी पैसे मधल्या माणसाच्या हाती पडले होते. एकात ते घेण्याचा अधिकार त्याला नव्हता, दुसऱ्यात तो अधिकार महामंडळानेच दिला होता. अमौसीसारख्या औद्योगिक वस्तीत हा फरक फार मोलाचा आहे, कारण तेथील अनेक पॉलिसी वेतन बचत योजनेखालच्या असण्याचा संभव असतो. अशा पॉलिसीच्या विवरणात एखाद्या महिन्याची ओळ गळालेली दिसली तर त्या महिन्याची पगारपत्रिका शोधावी. पगारपत्रिकेत कपात दिसत असेल तर ती हाच कामगाराचा पुरावा. कपात नसेल, उदाहरणार्थ बिनपगारी रजा, संप किंवा टाळेबंदी यांमुळे त्या महिन्याचा पगारच निघाला नसेल, तर मात्र तो हप्ता खरोखरच थकलेला असतो. नोकरी सुटल्यावरही हेच घडते. कपात थांबते, सूचना कोणी देत नाही, आणि मासिक हप्त्याची पंधरा दिवसांची सवलत कोणाच्या ध्यानीमनी नसताना निघून जाते.

तारीख घटनेची, भरण्याची नव्हे

सवलत संपल्यावर घाईघाईने पैसे भरले म्हणजे मागची चूक पुसली जाते, असा एक समज आहे. त्याचे उत्तर २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या एका निर्णयात सापडते. त्या विमेदाराने १४ एप्रिल २०११ रोजी ३,७५,००० रुपयांची सहामाही हप्त्याची पॉलिसी घेतली होती. अपघाती मृत्यू झाल्यास तितकीच आणखी रक्कम मिळावयाची होती. १४ ऑक्टोबर २०११ चा हप्ता राहून गेला. त्याची सवलत १४ नोव्हेंबरला संपली. ६ मार्च २०१२ ला त्याला अपघात झाला. ९ मार्चला थकलेला हप्ता भरण्यात आला, मात्र अपघाताची गोष्ट कळवण्यात आली नाही. २१ मार्चला तो मरण पावला. महामंडळाने मूळ रक्कम दिली, परंतु अपघाताची जादा रक्कम नाकारली. न्यायालयाने ते योग्य ठरवले. कारण ज्या घटनेसाठी जादा रक्कम मागितली जात होती ती घटना घडली तेव्हा, ६ मार्चला, पॉलिसी बंद होती.

यावरून एक खूणगाठ बांधावी. कचेरीच्या संगणकावर पॉलिसीपुढे ‘चालू’ किंवा ‘बंद’ असा जो शेरा दिसतो तो ती नोंद पाहिली त्या दिवसापुरता असतो. दाव्याच्या वेळी विचारला जाणारा प्रश्न निराळा असतो. घटना घडली त्या दिवशी कोणते हप्ते फिटलेले होते आणि कोणता हप्ता न फिटता सवलत ओलांडून गेला होता, हे विवरणातील तारखांवरूनच काढावे लागते. म्हणून विवरण वाचताना प्रथम घटनेची तारीख कागदावर लिहावी आणि तिच्यानंतर भरलेल्या सर्व ओळी बाजूला ठेवाव्यात.

हप्त्याची सूचना मिळाली नाही, ही तक्रारही येथे फारशी उपयोगी पडत नाही. विमा कायद्याच्या ५० व्या कलमानुसार, हप्ता देय होऊनही भरला गेला नाही तर विमा कंपनीने तीन महिन्यांच्या आत विमेदाराला त्याच्यापुढे कोणते पर्याय आहेत ते कळवावयाचे असते. ते पर्याय पॉलिसीतच दिलेले असतील तर निराळे कळवण्याची गरज नसते. परंतु ही सूचना पॉलिसी बंद पडल्यावरची आहे. ती आली नाही म्हणून पॉलिसी चालू राहत नाही.

बंद पडली म्हणजे बुडाली असे नव्हे

आता फिटरच्या घरी परत जाऊ. १० मे २०१३ चा हप्ता पहिला न भरलेला. सवलत १० जूनला संपलेली. मृत्यू १४ जूनला. पॉलिसी बंद पडलेली होती. दिराचा हिशेब खोटा ठरला. परंतु शेजारच्या जाणत्याने काढलेला निष्कर्ष, की आता काहीच मिळावयाचे नाही, तोही तितकाच खोटा आहे.

त्या काळातील महामंडळाच्या पुष्कळ बंदोबस्ती पॉलिसींवर छापलेल्या अटींत हप्ते थकल्यानंतर काय होते यासंबंधी एक कलम असे. त्यानुसार किमान तीन पूर्ण वर्षांचे हप्ते भरलेले असतील आणि पहिल्या न भरलेल्या हप्त्याच्या देय तारखेपासून सहा महिन्यांच्या आत विमेदार मरण पावला, तर पॉलिसी चालू असल्याप्रमाणेच पूर्ण रक्कम दिली जाते. थकलेले हप्ते आणि त्यांवरील व्याज तेवढे कापले जाते. पाच पूर्ण वर्षांचे हप्ते भरलेले असल्यास ही मुदत बारा महिन्यांची होते.

येथे विवरणातील सतरा ओळी कामास येतात. तिमाही हप्त्याचे एक वर्ष म्हणजे चार ओळी. तीन वर्षांसाठी बारा ओळी लागतात. फिटरच्या सतरा होत्या. मोजणी १० मेपासून करावयाची, सवलत संपल्याच्या दिवसापासून नव्हे. त्यामुळे सहा महिन्यांची मुदत १० नोव्हेंबर २०१३ पर्यंत जाते. १४ जून ही तारीख तिच्या पुष्कळ अलीकडे आहे. तेव्हा त्याच्या पत्नीला दोन लाख रुपये आणि साचलेला बोनस, थकबाकी वजा जाता, मागता येतो.

हाच फिटर डिसेंबर २०१३ मध्ये मरण पावला असता तर चित्र पालटले असते. सहा महिने उलटल्यामुळे वरील सवलत गेली असती आणि पॉलिसी ‘पेड-अप’ स्वरूपात, म्हणजे भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणापुरती, उरली असती. वीस वर्षांत तिमाहीचे ऐंशी हप्ते होतात. त्यांपैकी सतरा भरलेले. म्हणून दोन लाखांचे सतरा ऐंशीअंश, म्हणजे ४२,५०० रुपये आणि तोवर जमलेला बोनस एवढेच हाती आले असते. आणि त्याने बारापेक्षा कमी, समजा अकराच हप्ते भरले असते, तर या कलमाखाली काहीही देय झाले नसते. पॉलिसी तीच, उशीर तोच. तरीही एका बाजूस दोन लाख आणि दुसऱ्या बाजूस शून्य. दोहोंमधला फरक विवरणातील ओळींच्या संख्येने आणि एका तारखेने ठरतो.

मात्र हा निष्कर्ष सर्व पॉलिसींना जसाच्या तसा लावता येत नाही. निव्वळ मुदतीच्या विम्यात हप्त्यांतून काही साठत नाही. तेथे सवलत ओलांडली की सहसा काहीच उरत नाही. २०१९ च्या नियमांखाली विकल्या गेलेल्या बचतीच्या पॉलिसींत पेड-अप होण्यासाठी बहुधा दोन वर्षांचे हप्ते पुरेसे असतात, परंतु सहा आणि बारा महिन्यांची वरील सवलत प्रत्येक नव्या पॉलिसीत असेलच असे नाही. म्हणून शेवटचा शब्द त्या-त्या पॉलिसीवर छापलेल्या अटींचा असतो. त्या अटी वाचल्यावाचून दावा सोडून देऊ नये आणि तो मिळेलच असेही धरून चालू नये.

अमौसीतील त्या पत्नीने शाखेत जाताना एका कागदावर चार ओळी लिहून न्याव्यात: पहिला न भरलेला हप्ता, १० मे २०१३, सवलतीचा शेवट, १० जून २०१३, मृत्यू, १४ जून २०१३, भरलेले हप्ते, सतरा. त्यांच्याखाली पॉलिसीच्या अटींतील ज्या कलमाचा आधार घ्यावयाचा त्याचा क्रमांक लिहावा. या कागदाच्या आधारे दावा नाकारला गेलाच, तर तो कोणत्या तारखेमुळे किंवा कोणत्या कलमामुळे नाकारला हे कचेरीकडून लेखी मागून घ्यावे. कारण पुढील प्रत्येक दाद त्या एका तारखेवर किंवा त्या एका कलमावरच मागावी लागते.